दोघींसाठी दुसरा यूएसबी माइक घ्यावा की एक्सएलआर आणि इंटरफेस?

काजवा

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण मिळून घरीच पॉडकास्ट करतोय. विषय गणितातली कोडी. एकाच टेबलाशी समोरासमोर बसतो आणि तासभर बोलतो. माझ्याकडे एक यूएसबी माइक आहे, कंडेन्सर जातीचा. पहिला भाग तो मधोमध ठेवून केला, तर दोघींचाही आवाज लांबून आल्यासारखा आला. म्हणून एका ओळखीच्यांकडून अगदी तसाच दुसरा माइक चार दिवसांसाठी आणला.

ऑडॅसिटीत एका वेळी एकच माइक निवडता येतो, त्यामुळे एक माइक माझ्या लॅपटॉपला लावला आणि दुसरा तिच्या. सुरुवातीला टाळी वाजवली आणि नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवल्या. पहिली पाच मिनिटं झकास. दहाव्या मिनिटाच्या आसपास आवाज पत्र्याच्या डब्यातून यायला लागला. पंचविसाव्या मिनिटाला सरळसरळ प्रतिध्वनी, आणि शेवटी तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं.

प्रश्न असा: माइकच तकलादू आहेत का? दुसरा यूएसबी माइक विकत घ्यावा, की हे सगळं सोडून तीन पिनांच्या केबलचा एक्सएलआर माइक आणि त्याचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचवणारी पेटी, म्हणजे इंटरफेस, घ्यावा? दोन्ही लॅपटॉप विंडोजचे आहेत.

आगाऊ

सोपं आहे. एका लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झ असणार आणि दुसऱ्यावर ४८. दोन्हीकडे सारखं करा, प्रश्न संपला. इंटरफेसवाले उगाच खर्चात पाडतात लोकांना.

काजवा

आत्ताच पाहिलं. दोन्हीकडे ४८ च आहे. :(

तारसप्तक

कंडेन्सरच ठेवा, डायनॅमिकच्या नादी लागू नका. मी गाणं रेकॉर्ड करते. वरच्या पट्टीतली बारीक हरकत डायनॅमिकमध्ये गुळगुळीत होऊन जाते. मोठ्या डायफ्रामचा एक्सएलआर कंडेन्सर, ४८ व्होल्ट फॅन्टम पॉवर देणारा इंटरफेस आणि जाड पडदे लावलेली खोली. बास.

खर्ज

तारसप्तकताई, गाण्यासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या दोघी बोलतायत, आणि तेही एकाच टेबलावर. तो विषय वेगळा.

काजवा, आधी एक काम करा. रेकॉर्डिंगच्या शेवटाकडे एखादा तुटक आवाज शोधा. कप ठेवल्याचा, टिचकीचा, कसलाही चालेल, फक्त तो दोन्ही फाइलींत आलेला हवा. सुरुवातीची टाळी जुळवलेली असताना शेवटचा तो आवाज दोन फाइलींत किती अंतरावर आहे ते मोजा. ऑडॅसिटीत झूम करून दोन टोकांमधला भाग निवडला की खाली कालावधी दिसतो. कोणती फाइल मागे पडते तेही सांगा. ते कळल्यावर बोलू.

रातराणी

मी दोन वर्षं एकच यूएसबी माइक वापरते आहे. पाहुणे त्यांच्या घरी, मी माझ्या घरी, इंटरनेटवरून गप्पा. एकदाही असला प्रतिध्वनी आला नाही. पाहुण्यांना त्यांच्या बाजूला रेकॉर्ड करायला सांगते आणि नंतर फाइली जोडते. त्यामुळे यूएसबीचा दोष आहे असं मला तरी वाटत नाही.

काजवा

खर्ज, सापडलं! शेवटी मी पेनाला टोपण लावलं होतं, त्याचा 'टक्' दोन्हीकडे आलाय. टाळीपासून ५८ मिनिटं २० सेकंदांवर. मैत्रिणीच्या फाइलीत तो माझ्यापेक्षा १४० मिलिसेकंद उशिरा येतो.

खर्ज

छान मोजलंत. आता बघा.

५८ मिनिटं २० सेकंद म्हणजे ३५०० सेकंद. त्यात ०.१४ सेकंदाचा फरक, म्हणजे दहा लाखांत ४०. प्रत्येक यूएसबी माइकच्या पोटात आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारी चिप असते आणि तिला ठोके देणारं स्वतःचं एक घड्याळ असतं, स्फटिकावर चालणारं. माइक सेकंदाला ४८,००० नमुने घेतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे तो त्याच्या *स्वतःच्या* घड्याळातल्या सेकंदाला ४८,००० घेतो. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ४० चा फरक पडला तर तो दोष मानत नाहीत, माल तसाच बाजारात येतो. तेव्हा माइक तकलादू नाहीत. भिंतीवरची दोन घड्याळं महिनाभरात पुढेमागे होतात, तसाच हा प्रकार.

मैत्रिणीच्या माइकचं घड्याळ जरासं जलद आहे. तेवढ्याच वेळात त्याने जास्त नमुने गोळा केले, म्हणून तिची फाइल लांब झाली आणि 'टक्' उशिरा आला. आता हिशेब लावा: दहा मिनिटांना २४ मिलिसेकंद. म्हणजे दहाव्या मिनिटाचा डबा आणि पंचविसाव्या मिनिटाचा प्रतिध्वनी (तिथे फरक ६० मिलिसेकंद झालेला असतो) तुम्ही कानाने बरोबर पकडलात.

आगाऊराव, ४४.१ आणि ४८ चा घोळ असता तर तो असा चोरपावलांनी आला नसता. ४८ ची फाइल ४४.१ समजून वाजवली तर तासाला पाच मिनिटांहून जास्त फरक पडतो आणि आवाज घोगरा होतो. ते पहिल्याच वाक्याला कळतं.

आगाऊ

मान्य. पण मग रातराणीताईंना का येत नाही? त्यांच्याकडेही दोन माइक आणि दोन घड्याळंच आहेत की.

खर्ज

प्रश्न चांगला आहे. त्यांच्याकडेही फरक पडतच असणार. पण त्यांच्या माइकमध्ये पाहुण्याचा आवाज जात नाही, कारण पाहुणा त्यांच्या हेडफोनमध्ये असतो. दोन फाइली दहावा हिस्सा सेकंद सरकल्या तर उत्तर किंचित लवकर किंवा उशिरा आल्यासारखं वाटेल, बस्स.

काजवांच्या टेबलावर दोन्ही माइक दोघींनाही ऐकतात. मैत्रिणीचा आवाज तिच्या माइकमध्ये मोठा येतो आणि काजवांच्या माइकमध्ये लहान. एकच आवाज दोन ठिकाणी, आणि दोन्हींतलं अंतर वाढत जाणारं. आधी डबा, मग प्रतिध्वनी.

एकाच इंटरफेसमध्ये दोन माइक लावले तरी असं अंतर असतंच. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे समोरच्या माइकमध्ये तो तेवढा उशिरा पोचतो. पण तिथे दोन्ही माइकांना घड्याळ एकच असल्यामुळे पहिल्या मिनिटाला ३ असेल तर साठाव्या मिनिटालाही ३ च.

म्हणून माझं मत असं. एकटं बोलायचं किंवा समोरचा दुसऱ्या गावी, तर यूएसबी माइक पुरे आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही. एका खोलीत दोन माणसं आली की दोन एक्सएलआर माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस. आवाजाच्या दर्जासाठी हे म्हणत नाहीये. त्याच डायफ्रामचा यूएसबी आणि एक्सएलआर माइक डोळे मिटून ऐकवले तर बहुतेकांना ओळखू येणार नाहीत. हे म्हणतोय ते फक्त घड्याळासाठी.

कुंद

थोडा वेगळा सूर लावतो. मॅकवर हे इंटरफेसशिवाय जमतं. `Audio MIDI Setup` उघडा, खालच्या अधिकच्या चिन्हावरून `Create Aggregate Device` घ्या, दोन्ही माइकांवर खूण करा, एकाला `Clock Source` करा आणि दुसऱ्यापुढे `Drift Correction` ची खूण द्या. मग तो जोड-माइक ऑडॅसिटीत एकच माइक म्हणून दिसतो. मॅक एका माइकचं घड्याळ प्रमाण धरून दुसऱ्याचा आवाज सतत ताणून-आवळून त्याला जुळवत राहतो. माझे सहा भाग असेच झालेत.

तेव्हा 'दोन माणसं म्हणजे इंटरफेसच' हे सरसकट नको.

खर्ज

सरसकट नको, कबूल. मॅकवर चालतं ते. दोन खोड्या मात्र आहेत. दोन्ही माइक एकाच मॉडेलचे असले की यादीत दोघांचं नाव सारखंच दिसतं, त्यामुळे टिचकी मारून कोण कुठला ते ठरवावं लागतं. आणि काही यूएसबी माइक एक आवाज दोन चॅनेलवर देतात. मग जोड-माइकला चार चॅनेल येतात आणि माणसं पहिल्या-तिसऱ्यावर सापडतात. नवा माणूस तिथे अर्धा दिवस घालवतो.

कुंद

हा हा, मी पूर्ण दिवस घालवला होता. पण एकदा बसलं की बसलं. शिवाय दोघांनाही आपापल्या माइकच्या हेडफोन जॅकमधून स्वतःचा आवाज लगेच ऐकू येतो. तुमच्या छोट्या इंटरफेसला हेडफोनचं भोक बहुतेक एकच असतं!

खर्ज

हा मुद्दा शंभर टक्के तुमचा. दोघांसाठी वेगळा हेडफोन अँप्लिफायर किंवा निदान दुहेरी जॅक घ्यावा लागतो, आणि दुहेरी जॅकमध्ये दोघांचा आवाज वेगवेगळा लहान-मोठा करता येत नाही.

काजवा

पण माझं विंडोज आहे ना. तिथे अशी जोडणी होते का?

कुंद

विंडोजमध्ये अशी सोय अंगभूत नाही. ASIO4ALL नावाचा ड्रायव्हर दोन माइक एकत्र दाखवू शकतो, पण ऑडॅसिटीची नेहमीची आवृत्ती एएसआयओवर चालत नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही बदलावं लागेल. माझ्या भावाकडे तो प्रकार मधूनच 'कट्कट्' करायला लागला. त्या भानगडीत पडू नका असं मीही सांगेन.

बंड्यानाना

इथे इंटरफेसचे गोडवे ऐकून माझं दुःख सांगतो. असल्याच सल्ल्यावरून डायनॅमिक एक्सएलआर माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस घेतला. आवाज इतका बारीक येतो की शेजारच्या खोलीत कोणी पुटपुटतंय असं वाटावं. गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर मागे 'फस्स्' आवाज. विकणारा म्हणाला यात अजून एक प्रीअँप घाला. जुना यूएसबी माइक नुसता खोचला की मोठ्ठा आवाज यायचा हो!

खर्ज

नाना, प्रीअँप घ्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. बोलताना माइक तोंडापासून किती लांब असतो? आणि इंटरफेसचा जास्तीत जास्त गेन किती, तो आकडा माहितीपत्रकात असतो.

बंड्यानाना

माइक टेबलावरच्या बुटक्या स्टँडवर आहे. फूटभर लांब असेल. गेन ५६ डेसिबल लिहिलाय.

खर्ज

मग दुखणं सापडलं. यूएसबी कंडेन्सरच्या आतला अँप्लिफायर कारखान्यातच त्याच्या कॅप्सूलला जुळवलेला असतो, म्हणून खोचला की मोठा आवाज. डायनॅमिक माइकमध्ये नुसती चुंबकातली तारेची गुंडाळी. तिच्यातून येणारी वीज नगण्य, सगळं उचलण्याचं काम इंटरफेसवर. साध्या हाती धरायच्या डायनॅमिकला, म्हणजे शुअरचा एसएम५८ वगैरे, तोंडापासून चार बोटांवर धरून नेहमीच्या आवाजात बोललं तर साधारण ५० डेसिबल गेन लागतो. तुमच्या ५६ मध्ये तो आरामात बसतो.

पण अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. चार बोटं म्हणजे साडेसात सेंटिमीटर धरा. पंधरावर ६ गेले, तिसावर १२ गेले. आता तुम्हाला ६२ हवेत आणि आहेत ५६. म्हणून पुटपुट, आणि बटण टोकाला नेल्यामुळे फस्स्.

माइक वर उचलणारा लवचीक हात आणा, टेबलाला आवळायचा. माइक चार बोटांवर आणा, समोरून न धरता ओठांच्या कोपऱ्याकडून थोडा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फटके बसणार नाहीत. मग लेव्हलची शिखरं -१२ च्या आसपास येतील इतपतच गेन ठेवा.

बंड्यानाना

केलं. स्टँडखाली चार जाडजूड शब्दकोश रचून माइक तोंडाशी आणला. गेन आता पाऊण वळणावर आहे आणि फस्स् गेलं. शब्दकोशांचा इतका उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

रातराणी

नाना :D

पण यावरून काजवांचा पहिला भाग आठवला. 'मधोमध ठेवला आणि आवाज लांबून आला.' म्हणजे तिथेही अंतराचाच घोळ ना? मग नवीन काही न घेता जमणार नाही का? काही यूएसबी माइकांवर समोरून आणि मागून दोन्ही बाजूंनी ऐकायची सेटिंग असते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चिन्ह असतं त्यावर.

काजवा

माझ्यावर ते बटण नाही. एकाच बाजूने ऐकतो.

खर्ज

असतं तरी दोघींना एकाच माइकवर नाकाला नाक लावून बसावं लागलं असतं. :) शिवाय दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर. एकीला खोकला आला आणि दुसरी बोलत असली तर कापता येणार नाही. पण हो, कारण तेच. टेबल मीटरभर रुंद असेल तर मधला माइक प्रत्येकीपासून अर्धा मीटर दूर पडतो. तेवढ्या अंतरावर माणसापेक्षा खोलीच जास्त बोलते.

काजवा

बरं, मग एक्सएलआर ठरलं समजा. पण झालेला भाग टाकवत नाही हो. वाचवता येईल का?

खर्ज

येईल. १४० भागिले ३५,००,००० म्हणजे ०.००४ टक्के. मैत्रिणीचा ट्रॅक निवडा, वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये टक्केवारी ०.००४ द्या, अधिक. ट्रॅक तेवढा आखडेल आणि शेवटचा 'टक्' जुळेल. आवाजाच्या पट्टीत पडणारा फरक कुणालाही ऐकू येणार नाही. आधी फाइलीची प्रत काढून ठेवा.

मध्यावरही तपासा. तासाभरात माइक गरम होतो तसं घड्याळ किंचित सरकतं, त्यामुळे टोकं जुळूनही मध्ये चार-पाच मिलिसेकंद राहू शकतात. तिथे शांत जागी कापून हाताने सरकवायचं. आणि जी बोलत नाही तिचा ट्रॅक तेवढा वेळ खाली आणला तर उरलासुरला डबाही जाईल.

आगाऊ

मी म्हणतो मधला मार्ग घ्या. यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या असलेले डायनॅमिक माइक मिळतात, सॅमसनचा क्यू२यू तसा आहे. आज एक घ्या, यूएसबीवर चालवा. पुढे इंटरफेस घेतलात की तोच माइक एक्सएलआरवर.

खर्ज

एकट्यासाठी हा सल्ला उत्तम आहे, मीही देतो. पण काजवांना आज दोन माइक एकत्र हवेत. त्यांचा यूएसबी भाग पहिल्या दिवसापासून पडून राहणार.

आगाऊ

पडून का? मैत्रीण बाहेरगावी गेली की तीच वस्तू घेऊन जाईल आणि नुसत्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करेल. इंटरफेस एकच, तो कोण नेणार?

खर्ज

हं. हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. तरीही पैसे मोजके असतील तर मी ते माइकच्या हातांवर आणि दुसऱ्या हेडफोनवर घालवीन.

कुंद

मी आगाऊच्या बाजूने. विरळा योग!

काजवा

तीन आठवड्यांनी परत आले. दोन्ही जोडण्या असलेले दोन डायनॅमिक घेतले (सॉरी खर्ज), दोन इनपुटचा इंटरफेस, दोन हात. जुना भागही ०.००४ ने वाचला. मध्ये ३२ व्या मिनिटाला थोडं सरकवावं लागलं.

नव्या सेटवर शेवटीही टाळी वाजवली, दोन्ही ट्रॅकवर ती शेवटपर्यंत जागच्या जागी. पण एक नवीनच गंमत झाली. ऐकणाऱ्या एकीने कळवलं की मी फक्त डाव्या कानात बोलते आणि मैत्रीण फक्त उजव्या.

खर्ज

हे प्रत्येकाचं एकदा होतंच. इंटरफेसचं पहिलं इनपुट डावा चॅनेल, दुसरं उजवा, आणि ऑडॅसिटीने दोन्ही मिळून एक स्टीरिओ ट्रॅक केला. ट्रॅकच्या नावावर टिचकी मारा, यादीत `Split Stereo to Mono` आहे. दोन वेगळे मोनो ट्रॅक होतील, दोघीही मधोमध. हे संपादनाच्या अगदी सुरुवातीलाच करायचं, म्हणजे प्रत्येकीची लेव्हल वेगळी जुळवता येते.

काजवा

झालं! आता एकच उरलंय. मैत्रीण हसली की तिचं हसणं माझ्या ट्रॅकवर जवळजवळ तितक्याच जोरात येतं. माइक चार बोटांवर आहेत, टेबल तेच.

खर्ज

हसताना ती मागे रेलते का? बहुतेक रेलतच असेल. मग ती स्वतःच्या माइकपासून लांब जाते आणि तिचा आवाज खोलीभर होतो. डायनॅमिकची पाठ सगळ्यात बहिरी असते, तेव्हा तुमच्या माइकची पाठ बरोबर तिच्या तोंडाकडे येईल असा तो फिरवून बघा. समोरासमोर बसलात तर ते आपोआप होतं, तुम्ही कोपऱ्यात काटकोनात बसता का?

तारसप्तक

आणि पडदे लावलेत का ते सांगितलंच नाहीत.

काजवा

काटकोनात! कोडी लिहिलेला कागद दोघींना दिसावा म्हणून आता तशाच बसतो. शनिवारी समोरासमोर बसून बघते. पडदे आहेत हो ताई, पण विरळ आहेत.